अपकृत्य कायद्यातील विधिसूत्रे

विधिसूत्र म्हणजे कायद्याचे एखादे तत्त्व थोडक्या शब्दांत, बहुधा लॅटिन भाषेत, सांगणारे वचन होय. भारतातील विधी अभ्यासक्रमात अपकृत्य कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत अशा सूत्रांवर हमखास प्रश्न विचारले जातात. विद्यार्थी त्यांची तयारी बहुतेक फ्लॅशकार्डांवर करतात : कार्डाच्या एका बाजूस सूत्र आणि दुसऱ्या बाजूस त्याचा साधा अर्थ व उपयोगाचे एका ओळीचे उदाहरण. भारतात अपकृत्य कायद्याची एकत्रित संहिता नाही. हा कायदा मुख्यतः इंग्लंडच्या सामान्य कायद्यातून आलेला असून न्यायालयीन निर्णयांतून वाढला आहे. त्यामुळे करार कायद्यात जे काम कलमे करतात, त्यातील बराच भाग येथे सूत्रे आणि त्यांच्याशी जोडलेले निवाडे करतात.

या लेखात पाच सूत्रे घेतली आहेत. प्रत्येक सूत्राखाली प्रथम कार्डाचा मजकूर, नंतर त्याचा उगम आणि ते कोठे लागू पडत नाही याचे विवेचन आहे. कार्डावर सूत्राची मर्यादा सहसा लिहिलेली नसते, आणि समस्याप्रधान प्रश्न मात्र नेमका तिच्यावरच बेतलेला असतो.

== इंजुरिया आणि डॅम्नम : दोन शब्दांतील फरक ==

पहिली दोन सूत्रे याच दोन शब्दांची उलटसुलट मांडणी आहेत. लॅटिनमधील ‘जुस’ म्हणजे हक्क किंवा कायदा, आणि ‘इंजुरिया’ म्हणजे हक्काच्या विरुद्ध घडलेले कृत्य. त्याचा जखमेशी संबंध नाही. याच शब्दापासून आलेला ‘इंज्युरी’ हा इंग्रजी शब्द आज शारीरिक इजेसाठी रूढ झाल्यामुळे अनेक मराठी टिपणांत इंजुरियाचा अर्थ ‘इजा’ असा दिलेला आढळतो. तो अर्थ घेतला की दोन्ही सूत्रे निरर्थक ठरतात, कारण ‘हानीशिवाय इजा’ या शब्दांतून काहीच बोध होत नाही. इंजुरियासाठी ‘हक्कभंग’ आणि डॅम्नमसाठी ‘हानी’ हे शब्द वापरले तर गोंधळ उरत नाही. ‘सिने’ म्हणजे ‘शिवाय’. ही हानी पैशाची, प्रकृतीची, सुखसोयीची किंवा धंद्याची, कोणतीही असू शकते.

== इंजुरिया सिने डॅम्नो ==

कार्ड. साधा अर्थ : प्रत्यक्ष हानी न होता झालेला हक्कभंग, यात दावा चालतो. उदाहरण : परवानगीशिवाय दुसऱ्याच्या शेतातून चालत गेलेल्या माणसाने एक रोपही तुडवले नसले, तरी शेतमालक त्याच्यावर दावा करू शकतो.

या सूत्राचा आधार म्हणून ॲश्बी विरुद्ध व्हाइट हा १७०३ सालचा इंग्लिश खटला सांगितला जातो. आयल्सबरी येथील मॅथ्यू ॲश्बी या मतदाराला निवडणूक अधिकाऱ्यांनी मत देऊ दिले नाही. ज्या उमेदवाराला तो मत देणार होता, तो निवडूनही आला. म्हणजे व्यवहारात ॲश्बीचे काहीच बिघडले नाही. किंग्ज बेंच न्यायालयातील बहुसंख्य न्यायाधीशांनी दावा फेटाळला. सरन्यायाधीश होल्ट यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. मत देणे हा ॲश्बीचा हक्क होता आणि तो हिरावला जाणे हीच कायद्याच्या दृष्टीने भरपाईयोग्य गोष्ट होती, असा त्यांचा युक्तिवाद होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने पुढे होल्ट यांचे मत उचलून धरले.

भारतीय उदाहरण म्हणून भीम सिंग विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य हा १९८५ चा निर्णय दिला जातो. विधानसभेच्या अधिवेशनाला निघालेल्या आमदाराला पोलिसांनी अटक केली आणि त्यांना सभागृहात उपस्थित राहता आले नाही. सुनावणीपर्यंत त्यांची सुटका झाली होती, तरीही सर्वोच्च न्यायालयाने राज्याला ५०,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. येथे एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. हा अपकृत्याचा दिवाणी दावा नव्हता. आमदारांच्या पत्नीने संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली केलेली ती याचिका होती. सूत्रामागील विचार तोच असला तरी मार्ग वेगळा होता. हा फरक एका वाक्यात नोंदवणारे उत्तर अधिक अचूक ठरते.

मर्यादा : हे सूत्र सर्व अपकृत्यांना लागू होत नाही. जमिनीवरील अतिक्रमण, मारहाण, बेकायदा अटकाव, लेखी बदनामी अशा ज्या अपकृत्यांत कृत्य हेच दाव्यास पुरेसे असते, तेवढ्यांनाच ते लागू पडते. निष्काळजीपणा व फसवणूक यांत हानी सिद्ध करणे हा दाव्याचाच भाग आहे. समजा, एखाद्या ट्रकचालकाने बेफाम गाडी हाकली, परंतु रस्ता ओलांडणारी व्यक्ती थोडक्यात वाचली. अशा वेळी तिला निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येत नाही, आणि तेथे ‘हानी नसली तरी चालते’ असे लिहिणे चुकीचे ठरते. शिवाय दावा चालतो याचा अर्थ मोठी रक्कम मिळते असा नाही. प्रतिवादीचे वर्तन विशेष आक्षेपार्ह नसेल, तर न्यायालय केवळ हक्क मान्य केल्याची खूण म्हणून नाममात्र भरपाई देते.

== डॅम्नम सिने इंजुरिया ==

कार्ड. साधा अर्थ : हक्कभंगाशिवाय झालेली हानी, यात दावा चालत नाही. उदाहरण : समोर नवी खानावळ निघाल्याने जुन्या खानावळीचे गिऱ्हाईक निम्म्यावर आले, तरी जुन्या मालकाला भरपाई मागता येत नाही.

याचे मूळ ग्लॉस्टर ग्रामर स्कूलच्या १४१० सालच्या खटल्यात आहे. तेथील शाळेच्या शिक्षकांशी स्पर्धा करणारी दुसरी शाळा एका शिक्षकाने उघडली. त्यामुळे जुन्या शिक्षकांना एका विद्यार्थ्यामागे दर तिमाहीस मिळणारे ४० पेन्स शुल्क १२ पेन्सांवर उतरवावे लागले. हानी उघड होती आणि ती मोजताही येत होती. परंतु दुसऱ्याने शाळा काढू नये, असा कोणताही हक्क वादींना नव्हता, म्हणून दावा फेटाळला गेला. आजच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत हा खटला समजावून सांगण्यास फार कष्ट पडू नयेत.

हानी करण्याचा हेतू असला तर काय, हा प्रश्न ब्रॅडफर्ड कॉर्पोरेशन विरुद्ध पिकल्स या १८९५ च्या खटल्यात आला. पिकल्सने स्वतःच्या जमिनीत खोदकाम करून भूगर्भात झिरपणारे पाणी अडवले, आणि त्यामुळे शहराचा पाणीपुरवठा कमी झाला. आपली जमीन नगरपालिकेने विकत घ्यावी म्हणून तो दबाव आणत असल्याचा आरोप होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने असे ठरवले की, कृत्य मुळात कायदेशीर असेल तर वाईट हेतूमुळे ते बेकायदेशीर होत नाही. या नियमालाही अपवाद आहेत. द्वेषमूलक फौजदारी कारवाईसारख्या काही अपकृत्यांत हेतू हाच घटक असतो.

गुजरात उच्च न्यायालयासमोरील उषाबेन विरुद्ध भाग्यलक्ष्मी चित्रमंदिर या खटल्यात (१९७८) ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटाचे प्रदर्शन थांबवण्याची मागणी होती. सरस्वती, लक्ष्मी व पार्वती या देवींना मत्सरी दाखवल्यामुळे धार्मिक भावना दुखावल्या, असे वादींचे म्हणणे होते. भावना दुखावणे हा अपकृत्य कायद्याने ओळखलेला हक्कभंग नाही, असे न्यायालयाने म्हटले. चित्रपट पाहणे वादींवर बंधनकारक नव्हते, हेही त्यात विचारात घेतले गेले. एरवी हानी म्हटली की पैसाच डोळ्यांसमोर येतो, म्हणून हे उदाहरण उपयुक्त आहे.

== उबी जुस इबी रेमेडियम ==

कार्ड. साधा अर्थ : जेथे हक्क, तेथे उपाय. उदाहरण : मतदानाचा हक्क मान्य असेल, तर तो नाकारणाऱ्यावर दावा करण्याचा मार्गही असलाच पाहिजे.

हे सूत्रही होल्ट यांच्या त्याच भिन्नमताशी जोडलेले आहे. उपाय नसलेला हक्क ही पोकळ कल्पना आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सूत्राचा रोख हक्काकडे आहे आणि हा हक्क कायद्याने मान्य केलेला असावा लागतो. नैतिक अपेक्षा, वचन किंवा शेजारधर्म त्यात येत नाही. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ नुसार, स्पष्टपणे किंवा ध्वनितार्थाने मनाई नसेल तर दिवाणी स्वरूपाचे सर्व दावे दिवाणी न्यायालये चालवू शकतात. या सूत्राचे व्यावहारिक रूप बऱ्याच अंशी त्या कलमात दिसते. वरील दोन सूत्रे नीट कळल्यावर यावर वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

== वोलेंटी नॉन फिट इंजुरिया ==

कार्ड. साधा अर्थ : जो स्वेच्छेने धोका पत्करतो, त्याच्या बाबतीत हक्कभंग होत नाही. उदाहरण : मैदानात बसून क्रिकेट पाहणाऱ्या प्रेक्षकाला षटकाराचा चेंडू लागला, तर तो फलंदाजाकडे भरपाई मागू शकत नाही.

हे सूत्र प्रतिवादीच्या बचावाचे आहे. वादीने अन्य सर्व बाबी सिद्ध केल्या तरी प्रतिवादी म्हणतो : हे त्याला मान्यच होते. हॉल विरुद्ध ब्रुकलँड्स या १९३३ च्या निर्णयात मोटार शर्यतीत दोन गाड्यांची टक्कर होऊन एक गाडी कठड्यावरून प्रेक्षकांत गेली. अशा शर्यतीत अंगभूत असलेला धोका प्रेक्षकाने पत्करलेला असतो, असे मानून आयोजकांना जबाबदार धरले गेले नाही.

सूत्रातील कळीचा शब्द ‘स्वेच्छेने’ हा आहे, ‘जाणून’ हा नव्हे. स्मिथ विरुद्ध बेकर (१८९१) या खटल्यात खडकात छिद्रे पाडणाऱ्या एका मजुराच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात असत. धोका त्याला ठाऊक होता, तरीही तो काम करीत राहिला. एके दिवशी दगड पडून तो जखमी झाला. मालकाने या सूत्राचा आधार घेतला, परंतु धोक्याची जाणीव म्हणजे धोक्याला संमती नव्हे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले. पोटासाठी काम सोडू न शकणाऱ्या माणसाचे मौन ही मुक्त संमती ठरत नाही. या खटल्याशिवाय वोलेंटीवरील कोणतेही उत्तर अपुरे आहे.

दुसरी मर्यादा बचावकार्याची आहे. हेन्स विरुद्ध हारवुड (१९३५) मध्ये गर्दीच्या रस्त्यावर विनाराखण सोडलेले घोडे उधळले. रस्त्यावरील स्त्रिया व मुले यांना वाचवताना एक पोलीस जखमी झाला. तो जाणूनबुजून पुढे गेला होता, तरी न्यायालयाने हा बचाव नाकारला. ज्याच्या निष्काळजीपणामुळे संकट उभे राहिले, त्याने कोणीतरी मदतीला धावेल हेही गृहीत धरले पाहिजे, असे त्यामागचे तत्त्व आहे. तसेच संमती जेवढ्या धोक्याला दिली तेवढ्यापुरतीच असते. वरील प्रेक्षकाने चेंडूचा धोका पत्करला आहे, गॅलरी कोसळण्याचा नव्हे.

== रेस इप्सा लोक्विटर ==

कार्ड. साधा अर्थ : घटना स्वतःच बोलते. उदाहरण : शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पोटात कापड सापडले, तर निष्काळजीपणा कोणत्या क्षणी झाला हे रुग्णाला दाखवावे लागत नाही.

एरवी निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो. परंतु काही अपघात असे असतात की ते कसे घडले हे फक्त प्रतिवादीलाच माहीत असते. १८६३ सालच्या बर्न विरुद्ध बोडल या खटल्यात लिव्हरपूल येथे रस्त्याने चाललेल्या एका माणसावर पिठाच्या व्यापाऱ्याच्या गोदामातून पिंप पडले. ते का पडले, हे सांगणारा एकही साक्षीदार नव्हता. गोदामातून पिंप आपोआप पडत नाही, म्हणून खुलासा व्यापाऱ्यानेच द्यावा, असे न्यायालयाने म्हटले. दोनच वर्षांनी स्कॉट विरुद्ध लंडन अँड सेंट कॅथरीन डॉक्स या खटल्यात साखरेची पोती अंगावर पडली आणि त्या निर्णयातून सूत्राच्या अटी निश्चित झाल्या. अपघात घडवणारी वस्तू प्रतिवादीच्या ताब्यात असली पाहिजे, योग्य काळजी घेतली असता असा अपघात सामान्यतः घडता कामा नये, आणि प्रतिवादीकडून समाधानकारक खुलासा आलेला नसावा.

महाराष्ट्रातील अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला या अटी लावून पाहण्यास सोयीचा आहे. १९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाली. प्रसूतीनंतर तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिची प्रकृती बिघडत गेली. काही दिवसांनी दुसऱ्या शल्यचिकित्सकाने पोट पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेत राहिलेला, रक्त टिपण्याचा टॉवेल आत सापडला व पू झालेला दिसला. तिचा मृत्यू झाला. कुटुंबीयांनी दावा केला. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला.

अटी एकेक करून पाहू. शस्त्रक्रियागृह, उपकरणे व टॉवेल रुग्णालयाच्या ताब्यात होते. रुग्ण भुलीच्या अमलाखाली किंवा किमान टेबलावर निपचित होती, त्यामुळे तिच्याकडून वा नातेवाइकांकडून साक्षीची अपेक्षाच करता येत नव्हती. टाके घालण्यापूर्वी सर्व साहित्य मोजून बाहेर काढणे ही नेहमीची खबरदारी आहे, आणि ती घेतली असता टॉवेल आत राहत नाही. राज्याकडून या गोष्टीचा पटणारा खुलासा आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने येथे हे सूत्र स्पष्टपणे लागू होते असे म्हटले. शिवाय रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य नसल्याने कर्मचाऱ्यांच्या चुकीबद्दल राज्य जबाबदार ठरते, असेही ठरवले. घटना आणि अंतिम निर्णय यांत ३३ वर्षांचे अंतर आहे. सूत्राने सिद्धतेचा भार हलका केला, कालावधी मात्र नाही.

दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती (१९६६) हा दुसरा नेहमीचा आधार आहे. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसे दगावली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता आणि त्यातील चुन्याच्या कामाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच होते. मनोरा केवळ महापालिकेच्या ताब्यात होता, त्यामुळे तो कोसळणे हेच तिच्या विरुद्ध बोलणारे ठरले.

मर्यादा : हा पुराव्याचा नियम आहे, दायित्वाचा नव्हे. प्रतिवादीने पटणारा खुलासा दिला तर गृहीतक गळून पडते आणि वादीला पुन्हा स्वतःच्या पुराव्यावर उभे राहावे लागते. उपचाराने गुण आला नाही किंवा शस्त्रक्रिया अयशस्वी झाली, एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी होता असे हे सूत्र सांगत नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की हे सूत्र मूलतः दिवाणी क्षेत्रातील असून फौजदारी निष्काळजीपणा ठरवताना त्याचा उपयोग अत्यंत मर्यादित आहे. पोटात कापड राहिले म्हणून भरपाई मिळू शकते; त्याच एका आधारावर डॉक्टरला कारावास होत नाही.

== एका काल्पनिक समस्येतील उपयोग ==

समजा, तालुक्याच्या गावी ‘अ’ यांचे किराणा दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात ‘ब’ यांनी तसेच दुकान काढून भाव कमी ठेवले, आणि ‘अ’ यांचे मासिक उत्पन्न ३०,००० रुपयांवरून १८,००० वर आले. ‘ब’ यांनी दुकानाबाहेर लावलेली लाकडी फळी ‘अ’ यांच्या मालकीच्या ओट्यावर सहा इंच आली आहे. ‘अ’ त्या कोपऱ्याचा काहीच उपयोग करीत नाहीत. पुढे एके दिवशी ‘ब’ यांच्या दुकानावरील नावाचा फलक वारा नसताना सुटून ‘अ’ यांच्या डोक्यावर पडला. ‘ब’ म्हणतात, फलक खिळखिळा असल्याचे ‘अ’ यांना महिनाभर दिसत होते.

यात ‘अ’ यांना सर्वांत जास्त डाचणारी गोष्ट दरमहा १२,००० रुपयांचे नुकसान ही आहे, आणि नेमके तिच्याबद्दलच त्यांना काही मिळणार नाही. गिऱ्हाईक टिकवून ठेवण्याचा हक्क कायदा कोणाला देत नाही, म्हणून ते डॅम्नम सिने इंजुरिया ठरते. ‘ब’ यांनी मुद्दाम ‘अ’ यांना उठवण्यासाठी भाव पाडले, असे सिद्ध झाले तरी पिकल्सच्या खटल्याच्या न्यायाने, केवळ हेतूमुळे, उत्तर बदलत नाही. फळीमुळे एक रुपयाही गेला नाही, तरीही ती जमिनीवरील अतिक्रमण आहे. ‘अ’ फळी काढण्याचा आदेश व नाममात्र भरपाई मागू शकतात. हे इंजुरिया सिने डॅम्नो होय.

फलकाच्या बाबतीत रेस इप्सा लोक्विटर पुढे येते. फलक ‘ब’ यांच्या ताब्यात होता, वारा नव्हता, आणि नीट बसवलेला फलक असा पडत नाही. त्यावर ‘ब’ यांचा बचाव वोलेंटीचा आहे. परंतु ‘अ’ यांना फलक दिसत होता एवढ्याने त्यांनी धोका पत्करला असे होत नाही. स्वतःच्या दुकानात ये-जा करण्याखेरीज त्यांच्यापुढे पर्याय नव्हता, त्यामुळे स्मिथ विरुद्ध बेकरचा निकष येथेही लागतो. मात्र खिळखिळा फलक दिसत असूनही ‘अ’ त्याच्या बरोबर खाली टेकून उभे राहिले होते असे निघाले, तर न्यायालय त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा विचारात घेऊन भरपाईची रक्कम कमी करू शकते. तो वोलेंटीपेक्षा निराळा, सहभागी निष्काळजीपणाचा मुद्दा आहे. वोलेंटी सिद्ध झाल्यास दावा पूर्णपणे फेटाळला जातो. सहभागी निष्काळजीपणात वादीचा जेवढा वाटा असेल तेवढीच रक्कम कापली जाते.